करपलेलं पान, तीन प्राइमर आणि ५५ अंश

तासगाव-पलूस पट्ट्यातल्या द्राक्षबागेत करपा दिसला की पान प्रयोगशाळेत जातं आणि बुरशी नेमकी कोणती, हे पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्रावर ठरतं. मशीनवर ॲनीलिंगसाठी बहुतेक वेळा ५५ अंश लावलेले दिसतात. हा आकडा कुठून आला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

पीसीआरचं एक चक्र तीन टप्प्यांचं असतं. साधारण ९५ अंशाला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग तापमान उतरवलं की प्राइमर, म्हणजे वीसेक अक्षरांचे डीएनएचे तुकडे, आपापल्या जोडीच्या जागी बसतात, हेच ॲनीलिंग. शेवटी ७२ अंशाला एन्झाइम प्राइमरच्या टोकापासून पुढचा धागा विणतं. दर चक्राला प्रती दुप्पट होतात, म्हणजे सगळं सुरळीत झालं तर ३० चक्रांत एकाच्या अब्जावर.

कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९८५ मध्ये सीटस कंपनीच्या गटाने सिकलसेलच्या संदर्भात ती छापली. तेव्हाचं एन्झाइम पोटातल्या जिवाणूचं, ३७ अंशाला काम करणारं. प्रत्येक वेळी डीएनए तापवला की ते मरायचं आणि पुढच्या चक्राला पुन्हा टाकावं लागायचं. पण माझ्या मते खरी अडचण ती नव्हतीच. ३७ अंशाला प्राइमर जेमतेम जुळणाऱ्या जागीही चिकटून बसतो, त्यामुळे हव्या तुकड्याबरोबर नको ते तुकडेही भरपूर वाढायचे. १९८८ मध्ये गरम झऱ्यातल्या थर्मस ॲक्वाटिकस जिवाणूचं टॅक एन्झाइम आलं. परत परत एन्झाइम टाकायचा त्रास गेला, हे सगळ्यांना आठवतं. पण ॲनीलिंगचं तापमान वर नेता आलं आणि निकाल स्वच्छ झाला, हा फायदा मला त्याहून मोठा वाटतो.

चुकीच्या जागी बसलेला प्राइमर इतका महागात का पडतो? कारण एन्झाइमने तिथून एकदा धागा विणला की प्राइमरची स्वतःची अक्षरं त्या धाग्याचा भाग होतात. त्याची प्रत निघते, आणि त्यापुढे तोच प्राइमर तिथे अगदी तंतोतंत बसतो. पहिल्या दोन-चार चक्रांतली चूक पुढे कोणतंही तापमान पुसू शकत नाही.

आता आपलं पान घेऊ. १९९० मध्ये बुरशीसाठी सुचवलेली प्राइमरची जोडी आजही चालते:

```
ITS1  TCCGTAGGTGAACCTGCGG
ITS4  TCCTCCGCTTATTGATATGC
```

A-T जोडीला दोन हायड्रोजन बंध, G-C जोडीला तीन. म्हणून G-C जास्त तितका प्राइमर घट्ट. अंदाजाचं जुनं सूत्र `2×(A+T) + 4×(G+C)`. ITS1 मध्ये A-T ७ आणि G-C १२, म्हणजे ६२ अंश. ITS4 मध्ये ११ आणि ९, म्हणजे ५८. दोघांपैकी सैल प्राइमरलाही बसता यावं म्हणून ५८ च्या थोडं खाली उतरायचं. ५५ हा आकडा असा समजून घेता येतो. हे सूत्र मुळात जास्त मिठाच्या द्रावणासाठीचं, त्यामुळे पीसीआरच्या बफरमध्ये तो अंदाजच समजावा. तापमान फार वर गेलं तर तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टीच येत नाही. फार खाली गेलं तर नको त्या पट्ट्या किंवा धुरकट पसरट रेघ दिसते.

पण करपलेल्या पानातून थेट डीएनए काढून ही जोडी लावली की दोन पट्ट्या दिसू शकतात: एक सुमारे ५५०-६०० अक्षरांची, बुरशीची, दुसरी सुमारे ७०० ची, द्राक्षाचीच. पहिली प्रतिक्रिया असते ती तापमान वाढवण्याची. त्याने काही होत नाही. प्राइमर बसतात ती जागा वनस्पतीत आणि बुरशीत जवळजवळ सारखीच आहे, म्हणून प्राइमर दोन्हीकडे पक्का बसतो. तापमान फक्त सैल बसलेल्याला उठवतं.

तोडगा १९९३ मध्ये निघाला तो प्राइमर बदलून. ITS1-F हा नवा प्राइमर थोडा अलीकडे सरकवला:

```
ITS1-F  CTTGGTCATTTAGAGGAAGTAA
```

ही जागा निवडण्यामागचा हिशोब असा: बुरशीत प्राइमरचं उजवं, म्हणजे थ्री प्राइम टोक जुळावं आणि वनस्पतीत जुळू नये. एन्झाइम विणायला सुरुवात करतं ती याच टोकापासून. डावीकडे एखादं अक्षर चुकलं तरी काम चालून जातं. उजवीकडची शेवटची अक्षरं सुटी राहिली तर विणकाम बहुधा सुरूच होत नाही. इथे मात्र ५५ अंश उपयोगाचे ठरतात. तापमान ४५ पर्यंत खाली आणलं तर अर्धवट बसलेल्या प्राइमरलाही संधी मिळते आणि द्राक्षाची पट्टी परत डोकावू शकते.

तरीही ITS1-F पानावरची कोणतीही बुरशी उचलतो, नुसती धुळीबरोबर आलेलीसुद्धा. म्हणून आधी डागाच्या कडेचा तुकडा वरून निर्जंतुक करून बुरशी वाढवून घेणं बरं. आणि बागेत केवडा, म्हणजे डाऊनी असेल तर ही जोडी बाजूला ठेवावी: डाऊनीचा जीव खऱ्या अर्थाने बुरशी नाहीच, त्याच्या गटासाठी ITS6 सारखे वेगळे प्राइमर लागतात.