मसावि काढायचा एक लूप, एक रिकर्शन, आणि 617 आकडी नंबर

मसावि आपण सगळ्यांनी शाळेत काढलाय, बहुतेकांनी अवयव पाडून. दोन्ही संख्यांचे मूळ अवयव लिहायचे, सामाईक असतील त्यांना गोल करायचा आणि गुणाकार करायचा. छोट्या संख्यांना ठीक आहे पण 986 आणि 374 दिल्या की 986 चे अवयव पाडतानाच माणूस वैतागतो. दुसरी पद्धत बाकीची, ती युक्लिडच्या ग्रंथात सातव्या खंडात आहे, म्हणजे सव्वादोन हजार वर्षं तरी जुनी, आणि त्यात अवयव पाडायची भानगडच नाही. मोठीला छोटीने भागा, बाकी घ्या, आता छोटी आणि बाकी ही नवी जोडी, परत तेच, बाकी शून्य आली की थांबा.

986 ला 374 ने भागलं, बाकी 238. मग 374 ला 238 ने, बाकी 136. 238 ला 136 ने, बाकी 102. 136 ला 102 ने, बाकी 34. 102 ला 34 ने भागलं की बाकी 0. शेवटचा भाजक 34, तोच मसावि. पाच भागाकार, विषय संपला.

हे का चालतं, तर कारण साधं आहे. जी संख्या 986 लाही भागते आणि 374 लाही, ती 986 मधून 374 दोनदा वजा करून जे उरतं त्यालाही भागणारच ना, आणि उरतं ते 238. उलटंही खरं, 374 आणि 238 ला भागणारी संख्या 986 ला भागतेच. म्हणजे जोडी बदलली तरी सामाईक विभाजकांची यादी तीच राहते, फक्त आकडे लहान होत जातात.

आता हेच कोडमध्ये लिहायचं तर दोन रस्ते. पायथनमध्ये लूपवालं असं, यात `%` म्हणजे बाकी:

```python
def gcd(a, b):
    while b != 0:
        a, b = b, a % b
    return a
```

आणि रिकर्शनवालं, म्हणजे ज्यात फंक्शन स्वतःलाच परत बोलावतं, ते असं:

```python
def gcd(a, b):
    if b == 0:
        return a
    return gcd(b, a % b)
```

दोघांत भागाकार तेच, त्याच क्रमाने, एकही कमी नाही की जास्त नाही. आणि a मध्ये छोटी संख्या दिली तरी घाबरायचं नाही, 374 भागिले 986 ची बाकी 374 च येते म्हणजे पहिल्याच फेरीत जोडी आपोआप सरळ होते. फरक एवढाच की लूपमध्ये a आणि b हे दोनच डबे असतात आणि त्यातला माल बदलत राहतो, तर रिकर्शनमध्ये प्रत्येक फेरीला नवे दोन डबे येतात आणि जुने तसेच खाली दबून बसतात, वरचं काम संपेपर्यंत.

लूपवाल्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. वरची जी एका ओळीत दोन्ही बदलायची सोय आहे ती सगळ्या भाषांत नसते, म्हणून मी एकदा सवयीने दोन ओळी लिहिल्या, आधी `a = b` आणि खाली `b = a % b`. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण पहिल्या ओळीतच a चा जुना आकडा गेला, त्यामुळे दुसऱ्या ओळीत b ची बाकी b नेच काढली जाते आणि ती कायम शून्य. 986 आणि 374 दिले की उत्तर 374. गंमत म्हणजे मी टेस्ट केलेलं 100 आणि 25 वर, मग 48 आणि 12 वर, आणि दोन्हीकडे उत्तर बरोबर आलं कारण तिथे छोटी संख्या मोठीला पूर्ण भागतेच आणि छोटी हाच मसावि असतो! म्हणून असल्या फंक्शनला टेस्ट देताना अशी जोडी द्यायची ज्यात कोणीच कोणाला पूर्ण भागत नाही. वेगवेगळ्या ओळींतच लिहायचं असेल तर बाकी आधी तिसऱ्या डब्यात ठेवायची, मग अदलाबदल.

रिकर्शनवाल्यात ही चूक होऊच शकत नाही, कारण नवीन फेरीला जे दोन आकडे जातात ते दोन्ही जुन्या a आणि b वरूनच काढले जातात, कोणी कोणाला पुसत नाही. तिकडचा खड्डा वेगळा, शेवटच्या ओळीतला return विसरणं. मग आत उत्तर निघतं पण वरपर्यंत पोचत नाही आणि पायथन `None` देतो. पण b शून्य असेल तर उत्तर बरोबर येतं, त्यामुळे फक्त तेवढंच तपासणारा फसतो.

आता मुद्द्याचं. रिकर्शन म्हटलं की लोक लगेच म्हणतात स्टॅक भरेल. म्हणजे ते खाली दबलेले डबे एवढे साठतील की जागा संपेल. पायथनने तर हद्दच आखून दिलीय, नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण 1000 फेऱ्या खोल गेलात की `RecursionError`. मग मसावि किती खोल जातो हे बघायलाच पाहिजे, नुसतं घाबरून काय उपयोग.

मोठीला छोटीने भागल्यावर बाकी ही मोठीच्या निम्म्याहून कायम कमी असते. छोटी जर मोठीच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर बाकी छोटीहून कमी, म्हणजे निम्म्याच्या आत आलीच. आणि छोटी निम्म्याहून जास्त असेल तर ती एकदाच बसते आणि उरतं ते निम्म्याहून कमी. म्हणजे दर दोन फेऱ्यांत आकडा निम्म्याच्या खाली. असं निम्मं निम्मं करत कितीही मोठी संख्या भराभर संपते.

1844 मध्ये गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने याला पक्की मर्यादा लावली: छोट्या संख्येत जितके आकडे, त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. छोटी संख्या दोन आकडी असेल तर जास्तीत जास्त 10. आणि ही मर्यादा गाठणारी जोडी खरंच आहे, 144 आणि 89. फिबोनाची मालिकेतल्या, म्हणजे जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते तिथल्या, शेजारच्या संख्या आहेत या, त्यामुळे शेवटचा सोडून प्रत्येक भागाकारात भाग एकदाच जातो आणि बाकी म्हणून मागची फिबोनाची संख्या येते, 55, 34, 21, 13, अशी अगदी रडतखडत शून्यापर्यंत, बरोबर 10 भागाकार. यापेक्षा हळू काही नाही.

म्हणजे सी भाषेतल्या 64 बिटच्या साध्या पूर्णांकात जास्तीत जास्त 19 आकडे मावतात, तर 95 च्या वर फेऱ्या नाहीत. 95 फेऱ्यांनी कुठलाही स्टॅक भरत नाही. वर सीचे कंपायलर, ऑप्टिमायझेशन चालू असेल तर, ओळखतात की स्वतःला बोलावल्यावर फंक्शनला पुढे काहीच काम उरलेलं नाही, मग जुना डबा ठेवायचा कशाला, आणि ते रिकर्शनचा गुपचूप लूप करून टाकतात. शेवटी मशीनला एकच गोष्ट दिसते. पायथन हे मुद्दाम करत नाही, एरर आला तर कोणी कोणाला बोलावलं याची पूर्ण माळ दाखवता यावी म्हणून.

मग पायथनमध्ये भीती खरी कधी, तर आकडे प्रचंड असतील तेव्हा. पायथनचे पूर्णांक कितीही लांब असू शकतात. सहज उचललेल्या दोन संख्यांना सरासरी दर आकड्यामागे साधारण दोन भागाकार लागतात, नेमकं सांगायचं तर 1.94. आता 1024 बिटची संख्या म्हणजे 309 आकडे, गुणिले 1.94, जवळपास 600 फेऱ्या, हद्दीच्या आत, रिकर्शन मस्त चालतं. 2048 बिट घेतले की 617 आकडे, जवळपास 1200 फेऱ्या, आणि तोच कोड एकही अक्षर न बदलता कोलमडतो. लूपवाल्याला याचा पत्ताही लागत नाही. एवढ्या मोठ्या संख्यांचा मसावि कोण काढतं असं वाटेल, पण 2012 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या आरएसए पब्लिक की, म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असलेली डिजिटल कुलपं, गोळा करून त्यांचे आपापसात मसावि काढले आणि काही कींमध्ये एक मूळ संख्या सामाईक निघाली, म्हणजे कुलूप उघडलंच. याउलट की बनवताना 65537 आणि एका अवाढव्य संख्येचा मसावि तपासतात, तिथे रिकर्शनही आरामात चालतं, कारण लामेची मर्यादा छोट्या संख्येवर आहे आणि ती पाच आकडी, 25 च्या आत सगळं.

आणि हे सगळं बाकी काढली तर. काही जण भागाकाराच्या जागी वजाबाकी करतात, मोठीतून छोटी वजा, परत वजा, युक्लिडनेही तसंच मांडलंय. उत्तर बरोबरच येतं पण 10000 आणि 1 द्या, वजाबाकी 1 ने 1 ने खाली येते, जवळपास दहा हजार फेऱ्या, आणि रिकर्शन अर्ध्या वाटेच्या आधीच मरतं. बाकीच्या पद्धतीत हेच एका भागाकारात संपतं. तेव्हा एरर आला की रिकर्शनला शिव्या घालण्याआधी आत `%` आहे का `-` आहे ते बघा.

मला स्वतःला विचाराल तर नुसत्या मसाविसाठी मी लूपच लिहितो, खरं तर तेही नाही, `math.gcd` तयारच आहे. पण रिकर्शनकडे मी मुद्दाम वळतो ते मसाविच्या पुढच्या कामासाठी, म्हणजे 34 हा 986 आणि 374 च्या पटींतून कसा बनतो हे शोधताना. आर्यभटाचा कुट्टक, साल 499, याच जातीचा, तोही आधी भागाकार करत खाली जातो आणि मग उलटा वर येतो. शेवटून सुरू करायचं: 34 म्हणजे 136 वजा 102. 102 च्या जागी 238 वजा 136 ठेवलं की 34 = 2×136 − 238. मग 136 च्या जागी 374 वजा 238, झालं 2×374 − 3×238. आणि 238 म्हणजे 986 वजा दोनदा 374, ते घातलं की 34 = 8×374 − 3×986. 2992 वजा 2958, बरोबर 34.

इथे ते खाली दबलेले डबे कामाला येतात, कारण वर येताना प्रत्येक पायरीचा भागाकार परत लागतो आणि रिकर्शनने तो जपून ठेवलेला असतो, आपल्याला वेगळं काही सांभाळावं लागत नाही. लूपमध्येही जमतं पण मग दोनाच्या जागी सहा डबे एकाच वेळी फिरवायचे आणि वरच्या दोन ओळींच्या घोळासारखा घोळ घालायला तिप्पट जागा. फक्त कंपायलरची ती गुपचूप लूप करायची साधी युक्ती इथे बसत नाही, कारण स्वतःला बोलावून झाल्यावरही फंक्शनला एक गुणाकार आणि एक वजाबाकी करायची उरलेली असते.