एक्सेलमधील फॉर्म कंट्रोल आणि इनपुट पॅनेल

फॉर्म कंट्रोल म्हणजे मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या कार्यपत्रकावर मांडता येणारी ऑप्शन बटण, कॉम्बो बॉक्स, स्क्रोल बार यांसारखी साधने होत. ही साधने १९९३ साली आलेल्या एक्सेल ५.० या आवृत्तीपासून चालत आली आहेत आणि ती वापरण्यासाठी मॅक्रोची एकही ओळ लिहावी लागत नाही. वापरणाऱ्याने आकडे टाइप करण्याऐवजी बटण दाबून, यादीतून निवडून किंवा पट्टी सरकवून द्यावेत आणि उत्तर लगेच बदलावे, अशा मांडणीला इनपुट पॅनेल म्हणतात.

ही साधने Developer या टॅबवर असतात. हा टॅब सहसा दिसत नाही; तो File, Options, Customize Ribbon या मार्गाने जाऊन एकदा चालू करावा लागतो. तेथील Insert बटणाखाली दोन संच दिसतात. वरचा Form Controls चा आणि खालचा ActiveX Controls चा. चित्रे जवळजवळ सारखीच असल्याने नवखा माणूस हमखास खालच्या संचातले साधन उचलतो. अॅक्टिव्हएक्स साधने मॅकवर चालत नाहीत, आणि ऑफिस २०२४ पासून विंडोजवरही ती मुळातच बंद ठेवलेली असतात. त्यामुळे साध्या पॅनेलसाठी वरचाच संच योग्य.

या साधनांचे सारे वर्तन एका गोष्टीवर उभे आहे. कॉम्बो बॉक्स, ऑप्शन बटण किंवा स्क्रोल बार काहीही दाखवत असला तरी तो जोडलेल्या सेलमध्ये फक्त एक पूर्णांक लिहितो. साधनावर उजवी क्लिक करून Format Control उघडले की Control या पानावर Cell link ची जागा असते. तेथे दिलेल्या सेलमध्ये हा आकडा उतरतो. कॉम्बो बॉक्स निवडलेला मजकूर न देता त्याचा यादीतला क्रमांक देतो, ऑप्शन बटण आपल्या गटातला क्रमांक देते आणि स्क्रोल बार आपली सध्याची स्थिती देतो. त्या पूर्णांकाला अर्थ देणे हे सूत्राचे काम आहे.

गृहकर्जाच्या मासिक हप्त्याचे पॅनेल हे याचे सोयीचे उदाहरण आहे. त्यासाठी दोन पत्रके घ्यावीत. ‘पॅनेल’ या पत्रकावर साधने आणि उत्तर असावे, तर ‘गणित’ या पत्रकावर जोडलेले सेल व सूत्रे असावीत. रकमेसाठी पहिला स्क्रोल बार घेतला की लगेच अडचण येते, कारण त्याची मर्यादा ० ते ३०,००० इतकीच आहे आणि पंचवीस लाख हा आकडा त्यात मावत नाही. म्हणून रकमेऐवजी पन्नास हजारांचे टप्पे मोजावेत. किमान मूल्य २, कमाल १०० आणि Incremental change १ ठेवले, तर पट्टी एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत फिरते. व्याजदराची अडचण उलटी असते, कारण स्क्रोल बारला दशांश कळत नाही. तेथे किमान ६०० व कमाल १,५०० ठेवून आकड्याला दहा हजाराने भागावे, म्हणजे ८५० चा अर्थ साडेआठ टक्के होतो. बाणाच्या एका क्लिकचा बदल ५ ठेवावा. पट्टीच्या रिकाम्या भागावर क्लिक केल्यावर होणारा बदल, म्हणजे Page change, २५ ठेवणे उत्तम. रिझर्व्ह बँक रेपो दर बहुधा पाव टक्क्याने हलवते, तेव्हा तो परिणाम एका क्लिकमध्ये पाहता येतो.

मुदतीसाठी कॉम्बो बॉक्स घ्यावा. ‘गणित’ पत्रकावर H2 ते H7 मध्ये ५, १०, १५, २०, २५ व ३० ही वर्षे लिहून तो पल्ला Input range मध्ये द्यावा. हप्ता महिनाअखेरीस भरायचा की महिन्याच्या सुरुवातीस, हे दोन ऑप्शन बटणांवर सोपवावे. गटातल्या एका बटणाला सेल जोडला की तोच सेल सगळ्या गटाला लागू होतो. जोडलेले सेल अनुक्रमे B2 ते B5 असतील, तर त्यांच्या शेजारच्या स्तंभातली सूत्रे अशी होतात:

```
C2: =B2*50000
C3: =B3/10000
C4: =INDEX(H2:H7,B4)
C5: =B5-1
C7: =PMT(C3/12,C4*12,-C2,0,C5)
```

C5 मधली वजाबाकी मुद्दाम केलेली आहे. ऑप्शन बटणे १ व २ देतात, तर हप्ता काढणाऱ्या PMT या फंक्शनला महिनाअखेरीसाठी ० आणि सुरुवातीसाठी १ हवा असतो. पहिली पट्टी ५० वर, दुसरी ८५० वर आणि यादी चौथ्या नोंदीवर ठेवली की पंचवीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २१,६९६ रुपये दिसतो. हप्ता महिन्याच्या सुरुवातीस भरायचे ठरवले तर तो २१,५४३ रुपयांवर येतो. मुदत पंधरा वर्षे केली आणि हप्ता महिनाअखेरीसच ठेवला तर तो २४,६१८ रुपये होतो.

सर्वांत घातक चूक INDEX, म्हणजे क्रमांकावरून यादीतली नोंद काढून देणारे फंक्शन, विसरण्याची आहे. सूत्रात C4 ऐवजी थेट B4 वापरला तर एक्सेल कोणतीही तक्रार करत नाही. ते चौथ्या नोंदीलाच चार वर्षे समजते आणि हप्ता एकसष्ट हजारांच्या वर दाखवते. आकडा इतका भलता असला तर चूक सापडते, पण यादी १, २, ३ वर्षांची असेल तर ती कधीच सापडत नाही, आणि पुढे कोणी यादीच्या डोक्यावर नवी नोंद घातली की सगळी उत्तरे गुपचूप सरकतात. यादीतून काहीच निवडलेले नसताना जोडलेला सेल रिकामा असतो. तेव्हा INDEX संपूर्ण स्तंभच परत देते, आणि नव्या आवृत्त्यांत ती वर्षे खालच्या सेलांत पसरू पाहतात. खाली C5 भरलेला असल्याने #SPILL! दिसते. म्हणून पॅनेल दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक साधनाची निवड करून ठेवावी.

ऑप्शन बटणांचे दुखणे वेगळे आहे. एका पत्रकावरची सगळी बटणे एकाच गटातली मानली जातात. महिला कर्जदारांना काही बँका व्याजात थोडी सूट देतात. ती दाखवण्यासाठी बटणांची दुसरी जोडी ठेवली, तर ‘महिला’ निवडताच ‘महिनाअखेर’ची खूण पुसली जाते आणि B5 मध्ये ३ किंवा ४ येतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक जोडीभोवती Group Box काढणे. त्यातही बटणाची अदृश्य चौकट पूर्णपणे पेटीच्या आत असावी लागते. मजकूर छोटा असला तरी चौकट लांब राहते, तिचा कोपरा पेटीबाहेर डोकावतो आणि बटण परक्या गटात जाते. Ctrl दाबून बटणावर क्लिक केले की ते दाबले न जाता त्याची चौकट दिसते, आणि खोड तेथेच सापडते.

या साधनांच्या मजकुराचा फॉन्ट बदलता येत नाही, त्यामुळे मराठी अक्षरे बारीक दिसतात. बटणावरचा मजकूर पुसून तो शेजारच्या सेलमध्ये हव्या त्या आकारात लिहिणे हाच सुटसुटीत मार्ग आहे. स्क्रोल बार तर स्वतःचा आकडा कोठेच दाखवत नाही; त्याच्याशेजारी =गणित!C2 असा सेल नसेल, तर वापरणारा अंधारात पट्टी ओढत राहतो.

पत्रकाला संरक्षण द्यायचे झाल्यास जोडलेले सेल वेगळ्या पत्रकावर ठेवण्याचे कारण कळते. जोडलेला सेल संरक्षित पत्रकावर कुलूपबंद असेल तर साधन त्यात लिहू शकत नाही आणि प्रत्येक क्लिकला इशारा येतो. ‘गणित’ पत्रक संरक्षणाशिवाय ठेवून नुसते लपवले, तर ‘पॅनेल’ पत्रकाला कुलूप असूनही सगळे चालते. जोडलेल्या सेलमध्ये सूत्र मात्र कधीही लिहू नये; साधन पहिल्याच हालचालीत ते पुसून त्याजागी आकडा लिहिते.