लाइव्हला काय लिहून आणायचं? पूर्ण संहिता, मुद्दे की दोन्हींची सरमिसळ

पाचपाखाडीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत लाइव्हचं बुकिंग करताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "सगळं लिहून आणू, की नुसते मुद्दे चालतील?" उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

वार्षिक सभेचं निवेदन, डॉक्टरांनी औषधाबद्दल द्यायची सूचना, पाच मिनिटांच्या आतली घोषणा, असं काही असेल तर पूर्ण लिहा आणि प्रॉम्प्टरवर वाचा. दोघांच्या मोकळ्या गप्पा असतील तर पाच-सहा मुद्दे पुरतात. अडचण असते ती मधल्या कार्यक्रमांची, जिथे प्रेक्षक प्रश्न विचारणार आहेत आणि पुढे काय होईल ते आधी सांगता येत नाही. त्यासाठी नौपाड्यातल्या एका काकूंचं उदाहरण देतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र नको म्हणाल्या.

काकू गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतात. चतुर्थीच्या आधी पन्नास मिनिटांचं लाइव्ह करायचं, मोदक शिकवायचे आणि शेवटी ऑर्डरची माहिती द्यायची, असा बेत होता. पहिल्या तालमीला त्यांनी सगळं लिहून आणलं. मराठीत निवांत बोललं तरी मिनिटाला ११०-१२० शब्द होतात, म्हणजे पन्नास मिनिटांचे साधारण साडेपाच-सहा हजार. वहीची वीस-बावीस पानं भरली होती. सुरुवात छान झाली. पण पारी करायला घेतली आणि त्यांची मान खाली गेली. मोदकाच्या कळ्या पाडताना कोणीही हाताकडेच बघणार, लेन्सवरच्या काचेकडे नाही. अक्षरं सरकत राहिली, काकू गप्प झाल्या, आणि मान वर केली तेव्हा प्रॉम्प्टरवर वाफवण्याचं वाक्य आलं होतं. तेच त्यांनी वाचलं. हातात अजून अर्धवट मोदक होता. (प्रॉम्प्टरचं भाडं आम्ही वेगळं घेतो, तेव्हा तो नको म्हणताना आमचंच नुकसान आहे.)

दुसऱ्या तालमीला नुसते मुद्दे: "सारण, उकड, पारी, वाफ, ऑर्डर". काकू खुलल्या, आजोळच्या गोष्टी निघाल्या आणि सारणालाच एकोणीस मिनिटं गेली. उकडीला पाणी एकदा "पिठीइतकंच" म्हणाल्या, नंतर "सव्वापट घ्या". दोन्ही बरोबर असू शकतं, कारण ते पिठीवर अवलंबून असतं. पण घरी वाटी हातात घेऊन बसलेल्या माणसाचा गोंधळ उडतो. ऑर्डरची शेवटची वेळ तर सांगायचीच राहिली.

तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या कार्यक्रमासाठी एकच पद्धत ठरवायची नसते. प्रत्येक टप्प्याला वेगळं विचारायचं: इथे शब्द बदलला तर कोणाचं नुकसान होईल का? या वाक्यावर आमच्या माणसाला कॅमेरा बदलायचा आहे का? आणि इथे मध्येच प्रश्न घेतला तर हातातलं काम बिघडेल का?

तिसऱ्या प्रश्नाने काकूंचा कागद बदलला. उकड गरम असतानाच मळावी लागते. गार झाली की पारीला चिरा पडतात. म्हणून मळण्याच्या टप्प्यात प्रश्न बंद. मोदकपात्राचं झाकण लागलं की मात्र दहा-बारा मिनिटं हात मोकळे असतात. सगळे प्रश्न तिथे. आयत्या वेळी सुचेल ते बोलायची खरी जागा रेसिपीनेच तयार करून ठेवली होती.

प्रेक्षकांचे प्रश्न पोचायला होणारा उशीरही धरावा लागतो. प्रेक्षकाला चित्र काही सेकंद मागे दिसतं, साध्या सेटिंगला पंधरा-वीस सेकंदही लागतात. शिवाय त्याला टाइप करायचं असतं. "पाणी किती म्हणालात?" हे दिसेपर्यंत काकू पुढच्या पायरीवर पोचलेल्या असतात. म्हणून कॉमेंट आमचा मुलगा वाचतो, निवडून ठेवतो आणि झाकण लागल्यावर मोठ्याने विचारतो. काकूंनी स्वतः मोबाइलमध्ये बघायचं नाही.

शेवटी कागद असा झाला:

०–२ मिनिटं: स्वागत आणि आज काय करणार. शब्दशः.
२–१२: सारण. मुद्दे. "गूळ कधी घालायचा?", "जास्त परतलं तर काय होतं?"
१२–२२: उकड. पाण्याचं प्रमाण शब्दशः, बाकी मुद्दे. प्रश्न नाहीत.
२२–३६: पारी आणि कळ्या. मोकळं बोलणं. वरचा कॅमेरा.
३६–४८: वाफ. प्रेक्षकांचे प्रश्न.
४८–५०: ऑर्डर. शब्दशः.

मुद्दा प्रश्नाच्या रूपात लिहिला आहे, हे बघा. नुसतं "उकड" वाचून डोकं रिकामं होतं, "झाकण का ठेवायचं?" वाचलं की उत्तर आपोआप तोंडात येतं. "आता परातीत बघूया" हे वाक्यही पक्कं लिहिलं होतं, कारण त्यावर आमचा माणूस वरच्या कॅमेऱ्यावर जातो. काकू त्याऐवजी "चला तर मग" म्हणाल्या, तर प्रेक्षकांना परातीऐवजी त्यांचा अंबाडा दिसत राहील.

ऑर्डरचं वाक्य मध्ये दोनदा आणखी येतं, उकडीआधी आणि वाफ लागल्यावर, कारण लाइव्हला लोक मधूनच येतात. तिन्ही वेळा अक्षर न अक्षर तेच: "एकवीस मोदकांचा डबा, ऑर्डर चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुपारी चारपर्यंतच." "शक्यतो" किंवा "साधारण" असा शब्द एकदा जरी आत शिरला, तरी संध्याकाळी सहाला फोन येणारच.

सरमिसळीचा एक दोष आहे. वाचलेली वाक्यं आणि बोललेली वाक्यं यांचा सूर वेगळा लागतो आणि प्रेक्षकाला तो सांधा ऐकू येतो. काकूंच्या पहिल्या कागदावर "आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत" असं होतं, आणि दुसऱ्याच मिनिटाला "अगं, नारळ ओला हवा हं". आम्ही पक्की वाक्यं लिहून घेत नाही. आधी फोनवर बोलून घेतो, उतरवतो आणि छाटतो. वाक्य हात चालू असताना एका दमात म्हणता आलं नाही तर तोडतो.

प्रत्येक टप्प्यापुढे काय गाळायचं तेही लिहा. बाविसाव्या मिनिटाला उकड झाली नसेल तर केशराचे मोदक रद्द, एवढं आधीच ठरलं होतं. आमचा माणूस पाटी दाखवतो आणि काकू पुढे जातात. एक घाणा आधी वाफवून झाकून ठेवला होता. त्यामुळे उशीर झालाच तर वाफेची बारा मिनिटं चारवर आणता येत होती. प्रत्यक्ष दिवशी ती सातवर आणावी लागली, कारण सारणाच्या वेळी कोणीतरी विचारलं की गूळ चिकीचा चालेल का, आणि काकूंना राहवलं नाही.

कागद लेन्सच्या खाली चिकटवतो. ए-थ्री आकार, जाड मार्कर, एका वेळी चार ओळी. तुपाचे हात असताना पान उलटता येत नाही, म्हणून ते काम आमच्याकडे.

पहिल्या भेटीला लिहिलेलं काही आणू नका. शेजारणीला समजावून सांगत आहात असं धरून विषयावर दहा मिनिटं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून आणा. कुठे अडखळलात आणि कुठे आकडा चुकलात ते आपण एकत्र ऐकू. जिथे आकडा चुकला तिथे चौकट करू आणि ते वाक्य पक्कं लिहू. लाइव्हच्या निदान आठवडाभर आधी या, म्हणजे एक तालीम हात चालवून घेता येईल.