नऊ कमी, दहा जास्त: तीन फाशांचा जुना वाद

पावसाळ्यात गिरगावातल्या आमच्या चाळीत मुलांचा खेळ गॅलरीतच चालतो. परवा तीन फाशांच्या बेरजेवर पैज लागली. दहा धरणारा जिंकला आणि नऊ धरणाऱ्याने फासे खोटे ठरवले. एका दुपारच्या खेळात तो निव्वळ योगायोगच, पण भांडण मात्र चारशे वर्षांचं जुनं आहे.

इटलीतल्या जुगाऱ्यांना दीर्घ अनुभवाने दिसत होतं की तीन फाशांवर दहा हे नऊपेक्षा थोडे जास्त वेळा पडतात. त्यांना कोडं हे होतं की दोन्ही बेरजा सहा-सहा जोडण्यांनीच होतात. 1620 च्या सुमारास गॅलिलिओने ते सोडवलं. 3, 3, 3 एकाच तऱ्हेने पडतात. पण 4, 3, 3 मधला चौका तिन्हींपैकी कोणत्याही फाशावर येऊ शकतो. असं मोजलं की एकूण 216 शक्यतांपैकी नवाच्या वाट्याला 25 येतात आणि दहाच्या 27.

फासे वाढवत गेलं की बेरजांचा आलेख घंटेच्या आकाराचा होत जातो. त्या आकाराचं मूळ याच मोजणीत आहे. एका फाशाचे सहाही अंक सारखेच, म्हणजे आलेख सपाट. दोन फाशांचा त्रिकोण होतो: 2 एका तऱ्हेने, 7 सहा तऱ्हांनी, 12 पुन्हा एका. तिसरा फासा आला की दहा होण्यासाठी आधीच्या दोघांची बेरीज 4 ते 9 हवी, म्हणून 3+4+5+6+5+4, झाले 27. नवासाठी ही खिडकी एक घर डावीकडे सरकते: 2+3+4+5+6+5, म्हणजे 25. प्रत्येक नवा फासा शेजारच्या सहा आकड्यांची अशी बेरीज करतो, त्यामुळे टोकदार शेंडा बोथट होतो आणि कडा हळूहळू उतरत्या होतात. फासे मात्र एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच फाशाचा आकडा तिप्पट केला तर आलेख सपाटच राहील.

पुढे लंडनमध्ये गणिती द म्वाव्रने 1733 मध्ये नाणेफेकीसाठी या घंटेसारख्या वक्राचं सूत्र काढलं. फ्रेंच गणिती लाप्लासने 1810 मध्ये ते कितीतरी प्रकारच्या बेरजांना लागू केलं. अनेक स्वतंत्र आकड्यांची बेरीज या वक्राकडे झुकते, हे सांगणारं ते ‘केंद्रीय सीमा प्रमेय’. नावातला ‘केंद्रीय’ हा शब्द गणिती पोल्याचा, 1920 चा. केंद्रीय म्हणजे त्याच्या लेखी संभाव्यताशास्त्राच्या केंद्रस्थानी असलेलं, आलेखाच्या मधलं नव्हे.

गंमत अशी की प्रमेयाचा खरा भरवसा मधोमधच असतो. दहा फाशांची सरासरी बेरीज 35 आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, सुमारे 5.4, तिथे वक्र छान बसतो. पण दहाही फाशांवर सहाच पडण्याची शक्यता सहा कोटींत एक, आणि वक्र मात्र ती जवळपास शंभरपट फुगवून सांगतो. 61 ही बेरीज तर अशक्यच, तरी वक्राची रेघ तिथेही शून्याच्या वरच राहते.