खरजेची गोळी न्यायला येताना पोराचं वजन करूनच या

दुकानात रोज कोणीतरी येऊन म्हणतंय, "पोराला खरूज झालीय, आयव्हरमेक्टिन द्या, वय पाच वर्षं." वयावरून ही गोळी देता येत नाही. ती वजनावर ठरते, किलोला 0.2 मिलिग्रॅम, आणि 15 किलोच्या खाली असेल तर द्यायचीच नाही. चार वर्षाचं पोर 15 च्या अलीकडं पण असतं आणि पलीकडं पण, त्यामुळं अंदाज चालत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो गोळी तोडण्यात. समजा वडील 60 किलोचे, त्यांना डॉक्टरांनी 12 ची गोळी लिहिली. थोरला 30 किलोचा, त्याला बसते 6 ची. धाकटा 13 किलोचा. मग घरात हिशोब होतो की 12 ची अर्धी थोरल्याला आणि चतकोर धाकट्याला, कारण 13 किलोला 2.6 येतात म्हणजे जवळपास 3 झालेच की! हिशोब बरोबर दिसतो पण 15 किलोची अट हिशोबासाठी नाहीच. हे औषध मेंदूत जाऊ नये म्हणून शरीराची एक आड असते, लहान लेकरांत तिचा भरवसा किती धरायचा याची पुरेशी खात्री नाही, म्हणून डोस कमी करून पण द्यायची नाही. शिवाय चतकोर तुकडा कधीच सारखा तुटत नाही. अशा धाकट्याला डॉक्टर बहुतेक परमेथ्रिन 5 टक्के क्रीम लिहितात, ते रात्री अंगभर लावायचं आणि सकाळी धुवायचं, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांनाच विचारा.

गोठ्यातलं जनावराचं आयव्हरमेक्टिन पोराला अजिबात देऊ नका, त्याची ताकद वेगळी असते.

उवांना आम्ही आधी लोशन आणि बारीक फणीच सांगतो, गोळीचा नंबर नंतर, ते पण डॉक्टर म्हटले तर. लिखा गोळीनं मरत नाहीत.

खरजेत दुसरा डोस 7 ते 14 दिवसांनी असतो, तो बरेच जण विसरतात. आणि खाज दोन-चार आठवडे राहू शकते, किडा मेला तरी कातडी शांत व्हायला वेळ लागतो, म्हणून लगेच "गोळी लागली नाही, अजून एक द्या" म्हणू नका. घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी करा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याला परत होतीय.

चिठ्ठीशिवाय आम्ही ही गोळी देत नाही, त्यावर काहीजण रागावतात, पण लेकराच्या डोसात आम्हाला अंदाज नको. काउंटरजवळ वजनकाटा ठेवलाय, फुकट आहे, चपला आणि दप्तर काढून पोराला उभं करा. 3, 6 आणि 12 तिन्ही ताकदीच्या गोळ्या आमच्याकडं असतात, चिठ्ठीत जेवढ्या लिहिल्यात तेवढ्याच सुट्ट्या देतो, दुसऱ्या डोसाची तारीख पाकिटावर लिहून देतो.