पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट मध्येच बंद करायचं असेल तर
आमच्या ऑफिस-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“ऑफिसात पुन्हा झुरळं दिसायला लागलीत, जुन्या कंपनीचं कंत्राट अजून सहा महिने आहे, पण तुम्ही उद्यापासूनच या.” असा फोन आम्हाला वरचेवर येतो. आम्ही लगेच जात नाही. जुन्या कंपनीने लावलेल्या जेलवर नव्या माणसाने स्प्रे मारला की झुरळं ते जेल खात नाहीत, आणि पुढे कोणाचं काम फसलं हे कुणालाच सांगता येत नाही. जुनी कंपनी म्हणते, “तुम्ही मध्ये दुसऱ्याला बोलावलंत, आता जबाबदारी आमची नाही.” तिचं म्हणणं चूक नसतं, आणि तुमचे उरलेले पैसे तिथेच अडकतात. म्हणून आधी जुनं कंत्राट नीट बंद करावं. ते कसं, हे या पत्रकात लिहिलं आहे. आमचं कंत्राट बंद करायलाही हेच वापरा, आमची हरकत नाही.

सेवा खरंच घसरली आहे का?

झुरळ दिसलं म्हणजे कंपनीने काम केलं नाही, असं होत नाही. कोणतं झुरळ आहे ते आधी बघा. मोठं, लालसर तपकिरी, बोटाएवढं झुरळ बहुधा ड्रेनेजमधून येतं. पावसाळ्यात चेंबर भरले की ती वर येतात. त्यावर उपाय म्हणजे बाथरूमच्या जाळ्या आणि पाइपाभोवतीच्या फटी बंद करणं, आणि ते काम सहसा कंत्राटात नसतं. लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या पट्ट्या असलेलं जर्मन झुरळ मात्र आतच वाढतं. पँट्रीतला फ्रिज, मायक्रोवेव्ह, कॉफी मशीन, ड्रॉवरच्या बिजागऱ्या अशा ठिकाणी. त्याची मादी एका वेळी तीस-चाळीस अंडी असलेली पिशवी पिल्लं बाहेर पडेपर्यंत अंगावरच वागवते. दिवसा पिल्लं फिरताना दिसली तर आत पैदास चालू आहे आणि जेल पोचत नाही, असं समजा.

पण जेल का पोचत नाही? कधी कंपनीचा माणूस घाई करतो, कधी तुमचाच सफाईवाला. जेलचे बारीक ठिपके फिनाइलच्या फडक्याने पुसले गेले किंवा कुणी घरून आणलेला स्प्रे त्यावर मारला, तर दोष कंपनीचा नाही. तक्रार करण्याआधी हे विचारून घ्या, कारण समोरचा पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

खात्री करायची असेल तर चिकट सापळे ठेवा. औषधाच्या किंवा किराणा दुकानात मिळतात. पँट्रीत दोन-तीन ठरावीक जागा निवडा, सर्व्हिसच्या आदल्या रात्री आणि नंतर दोन आठवड्यांनी त्याच जागी सापळे ठेवा, सकाळी मोजा, फोटो काढा. सर्व्हिसनंतर आकडा उतरायला हवा. दोन महिने तो उतरत नसेल, तर तुमच्या हातात तक्रारीपेक्षा काहीतरी भक्कम आहे.

सही करण्याआधी स्लिप वाचा

वाद झाला की सगळं सर्व्हिस स्लिपवर येतं. चांगल्या स्लिपवर आल्याची आणि गेल्याची वेळ, कोणत्या जागा केल्या, कोणतं औषध किती वापरलं आणि करणाऱ्याचं नाव असतं. घसरलेल्या सेवेच्या स्लिपवर नुसतं “जनरल ट्रीटमेंट” आणि रिसेप्शनवरच्या मुलीची सही. त्या बिचारीला पँट्री केली की नाही हे माहीतही नसतं. सही करताना “पँट्री केली नाही” एवढे तीन शब्द लिहिले तरी पुरतात.

कीटकनाशक वापरून व्यवसाय म्हणून पेस्ट कंट्रोल करायला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. त्याची प्रत मागून ठेवा. आम्हालाही मागा.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तुम्ही तिमाही बिल भरत असाल आणि रागाने बिल नुसतं थांबवून ठेवलंत, तर अडचण तुमचीच होते. कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती सेवा तुम्ही स्वीकारली असं धरलं जातं, आणि थकलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू शकतं. म्हणून हरकत लेखी, आणि १५ दिवसांच्या आत.

आधी तक्रार, मग नोटीस

कंत्राट काढून तीन कलमं शोधा: समाप्ती, नोटीस कुठे पाठवायची, आणि आपोआप नूतनीकरण. बहुतेक वार्षिक कंत्राटांत ३० दिवसांची लेखी नोटीस असते. नोटिशीचा ईमेल किंवा पत्ता दिलेला असतो. सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर “पुढच्या महिन्यापासून येऊ नका” असं कळवणं म्हणजे नोटीस नव्हे. पत्र टपालाने पाठवा असं लिहिलं असेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा आता त्यातच विलीन झाली आहे.

समाप्तीचं कलमच नसेल, तर तुमचा आधार म्हणजे त्यांनी करार पाळला नाही हे दाखवणं. म्हणून दोन्ही परिस्थितींत पहिलं पत्र सुधारणेची संधी देणारं असावं. त्यात तारखा, काय झालं नाही, सापळ्यांचे फोटो, आणि दुरुस्तीसाठी दहा दिवसांची मुदत. रागाचे शब्द नकोत. ते पत्र उद्या तिसरा माणूस वाचू शकतो. मुदतीत काही झालं नाही की दुसरं पत्र, साधारण असं:

“आमच्या दि. २२ सप्टेंबरच्या पत्रातील त्रुटी दूर झालेल्या नाहीत. कंत्राटातील समाप्तीच्या कलमानुसार ही ३० दिवसांची नोटीस देत आहोत. कंत्राट दि. ४ नोव्हेंबर रोजी संपेल. तोपर्यंतची ठरलेली सर्व्हिस द्यावी, न दिलेल्या सर्व्हिसची रक्कम क्रेडिट नोटसह परत करावी आणि आपले सर्व साहित्य त्या तारखेपर्यंत न्यावे.”

नोटिशीच्या काळात येणारी सर्व्हिस नाकारू नका. नाकारलीत तर तिचे पैसे मागता येत नाहीत.

पैशांचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. पुण्यातलं वीस-बावीस माणसांचं ऑफिस. १ एप्रिलपासून वर्षभराचं कंत्राट, महिन्याला एक अशा १२ सर्व्हिस, २४,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी ४,३२० रुपये. सगळे २८,३२० आगाऊ भरलेले. एप्रिल ते जुलै काम चांगलं झालं. ऑगस्टमध्ये कुणी आलंच नाही. १२ सप्टेंबरला नवा मुलगा आला, दहा मिनिटांत स्प्रे मारून गेला, पँट्री बंद होती म्हणून सोडली. स्लिपवर मात्र पूर्ण सर्व्हिसची सही. २२ सप्टेंबरला तक्रार गेली, ५ ऑक्टोबरला नोटीस, ऑक्टोबरची सर्व्हिस नोटिशीच्या काळात झाली, आणि ४ नोव्हेंबरला कंत्राट संपलं.

ऑफिसचं म्हणणं: एक सर्व्हिस २,००० रुपयांची. मिळाल्या पाच, म्हणजे १४,००० परत द्या. सप्टेंबर त्यांनी धरलाच नव्हता. पण त्या स्लिपवर सही होती, टीप नव्हती, म्हणून सप्टेंबर धरावाच लागला. तेव्हा मिळालेल्या सर्व्हिस सहा, परतावा १२,०००. ती एक सही २,००० रुपयांना पडली.

कंपनीने दोन मुद्दे काढले. पहिला, कंत्राटात “आगाऊ रक्कम परत मिळणार नाही” असं छापलं आहे. अशी ओळ असली म्हणजे न दिलेल्या सेवेचे सगळे पैसे ठेवता येतातच असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंड म्हणून लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. हे पत्रात शांतपणे लिहिलं की बहुतेक कंपन्या बोलायला बसतात.

दुसरा मुद्दा मात्र रास्त होता. पहिल्या सर्व्हिसला जास्त वेळ आणि माल लागतो. सगळे ड्रॉवर उघडायचे, फ्रिज सरकवायचा, जेल भरपूर लावायचं. नंतरच्या सर्व्हिस बऱ्याचदा नुसत्या देखभालीच्या असतात. म्हणून बारा समान भाग करणं आमच्या धंद्यातल्या माणसाला पटत नाही. आम्हालाही नाही. ऑफिसने पहिल्या सर्व्हिसचे १,००० जास्त मान्य केले. उरले ११,०००, त्यावरचा जीएसटी १,९८०, एकूण १२,९८० रुपये परत आले.

हा परतावा नुसता बँकेत घेऊ नका, जीएसटीची क्रेडिट नोट घ्या. मूळ बिलावरचा जीएसटी तुम्ही इनपुट क्रेडिट म्हणून घेतला असेल, तर परत मिळालेल्या भागाचं क्रेडिट उलटवावं लागतं. तुमच्या अकाउंटंटला ती नोट लागेल, आणि मार्चनंतर ती मिळवणं कठीण होतं, कारण कंपनीला तिचा कर समायोजित करायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच असते.

एवढ्या रकमेसाठी ग्राहक मंचात जाऊ असं काही जण म्हणतात. व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणतः बसत नाही. उपजीविकेसाठी स्वतःच चालवलेल्या छोट्या व्यवसायाला अपवाद आहे, पण तिथवर जाण्यापेक्षा हजार-दोन हजारांवर तडजोड केलेली बरी.

शेवटच्या दिवशी

वाळवीचं काम त्याच कंपनीने केलं असेल, तर त्याची वॉरंटी वेगळी असते. मासिक कंत्राट संपलं तरी ती चालू राहील, हे समाप्तीच्या पत्रात लिहून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी दाराच्या चौकटीवर माती दिसते आणि कंपनी म्हणते, सगळंच बंद झालं होतं.

उंदरांच्या काळ्या बेट पेट्या कंपनीच्या असतात आणि त्यांत विष असतं. जिन्याखाली, खोट्या छतावर, सर्व्हर रूममागे किती पेट्या आहेत याची यादी त्यांच्याकडूनच घ्या आणि त्यांच्याच माणसाकडून मोजून उचलून घ्या. सफाईवाल्याला कचऱ्यात टाकायला सांगू नका. एखादी पेटी मागे राहिली, तर तिच्यातली वडी खाल्लेला उंदीर कुठे जाऊन मरेल हे वासावरूनच कळतं.

यानंतर नव्या कंपनीला बोलवा. पहिल्या भेटीत तिला जुन्या जेलची जागा आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख सांगा, म्हणजे जुनं जेल खरवडून नवं लावता येईल. नव्या कंत्राटात तीन ओळी मागा: प्रत्येक सर्व्हिसची वेगळी किंमत, समाप्तीला ३० दिवस, आणि आपोआप नूतनीकरण नाही.