अ‍ॅपमधील दुकान आणि स्वतःचे संकेतस्थळ

समाजमाध्यमावर माल दाखवणाऱ्या विक्रेत्याने पैसे त्या अ‍ॅपमध्येच घ्यावेत की ग्राहकाला आपल्या संकेतस्थळावर न्यावे, हा ऑनलाइन विक्रीतील मूलभूत निर्णय होय. अमेरिकेतील इन्स्टाग्रामच्या अनुभवातून तो चांगला समजतो.

मार्च 2019 मध्ये इन्स्टाग्रामने तेथे नायके, झारा अशा मोजक्या ब्रँडसाठी अ‍ॅपमधील चेकआउट, म्हणजे खरेदी करून पैसे भरण्याची सोय, सुरू केले. पत्ता आणि कार्ड एकदा साठवले की पुढची खरेदी दोन-तीन टॅपमध्ये होई. संकेतस्थळाची लिंक मात्र इन्स्टाग्रामच्या अंतर्गत ब्राउझरमध्ये उघडते. ग्राहकाचे नेहमीचे लॉगिन आणि साठवलेले कार्ड तिथे बहुधा नसते, आणि सगळे पुन्हा भरायचा कंटाळा येऊन तो निघून जातो. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरात अहवालात लिंकवरील क्लिक आणि पान पूर्ण उघडल्याची संख्या यांत मोठी तफावत दिसली, तर गळती पान उघडण्याआधीच होते आहे, म्हणजे दोष किमतीत नव्हे, बहुधा पानाच्या वेगात आहे.

या सोयीला शुल्क होते: प्रत्येक पार्सलवर 5 टक्के, जे एप्रिल 2024 मध्ये 10 टक्के झाले. समजा, 40 डॉलरच्या वस्तूचा उत्पादन व पाठवणी खर्च 22 डॉलर आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर कार्डाचे शुल्क 2.9 टक्के अधिक 30 सेंट धरले, तर हाती 16.54 डॉलर उरतात. अ‍ॅपमध्ये 5 टक्क्यांनी 16 आणि 10 टक्क्यांनी 14 डॉलर उरतात. म्हणजे संकेतस्थळावरच्या 100 ऑर्डरींइतका नफा मिळवायला अ‍ॅपमध्ये आधी 104 ऑर्डरी पुरत, नंतर 119 लागू लागल्या. कमी नफ्याच्या मालाला ही वाढ फार जड गेली.

या हिशेबात न दिसणारा तोटा ग्राहकाच्या ओळखीचा होता. पार्सलसाठी नाव-पत्ता मिळे, पण ग्राहकाने संमती दिल्याशिवाय त्याचा ईमेल प्रचारासाठी मिळत नसे. त्यामुळे दुसरी खरेदी घडवायलाही पुन्हा जाहिरातच करावी लागे. साडी किंवा दागिन्यांपेक्षा महिन्याला संपणाऱ्या चहा, साबणासारख्या मालात हे नुकसान अधिक.

प्लॅटफॉर्मला याच माहितीची गरज होती. एप्रिल 2021 मध्ये ॲपलने आयफोनवर इतर अ‍ॅप व संकेतस्थळांवरील माग काढण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी सक्तीची केली. त्यानंतर संकेतस्थळावरची खरेदी मेटाला नीट दिसेना. अ‍ॅपमधली मात्र पूर्ण दिसे. 2023 मध्ये मेटाने अमेरिकेतील नव्या दुकानांना अ‍ॅपमधील चेकआउट बंधनकारक केले आणि 2025 मध्ये धोरण उलटवून खरेदी पुन्हा विक्रेत्यांच्या संकेतस्थळांकडे वळवली. ज्यांनी मधल्या काळात स्वतःचे चेकआउट चालू ठेवले होते, त्यांना हा बदल सोपा गेला.

भारतात इन्स्टाग्रामवर पैसे घेणारे असे चेकआउट आले नाही. त्यामुळे पैठणी विकणारा येवल्याचा विक्रेता ऑर्डर मेसेजमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर घेतो. अंतर्गत ब्राउझरमधून यूपीआय अ‍ॅप काही वेळा उघडत नाही. म्हणून पैसे देण्याच्या पानावर क्यूआर कोड किंवा यूपीआय आयडीचा पर्यायही ठेवावा लागतो.